बाळाला शब्द कुठं संपतो ते कसं कळतं?

"बाळाला दूध पाज की गं." खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही मराठी घरात हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. छापलं की त्यात पाच शब्द दिसतात, कारण मधे मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. कानाला मात्र त्या जागा मिळत नाहीत. आवाज एका दमात येतो आणि एका दमात संपतो. शब्दांच्या मधे बोलणारा थांबत असेल असं आपल्याला वाटतं, पण ते आपण भाषा जाणतो म्हणून वाटतं. अनोळखी भाषा ऐकताना तीच माणसं न थांबता सुसाट बोलतायत असा भास होतो.

हे तपासणं सोपं आहे. आवाजाची रेघ दाखवणारं रेकॉर्डिंगचं कुठलंही ॲप मोबाइलवर उघडा आणि "आत्ता बाळाला दूध दे" असं नेहमीच्या वेगात बोला. रेघ सपाट होते, म्हणजे खरोखर शांतता दिसते, ती "आत्ता" या शब्दाच्या पोटात. त्त म्हणताना जीभ दातांमागं टेकून हवा पूर्ण अडवते, म्हणून तिथं आवाज बंद पडतो. "बाळाला" आणि "दूध" यांच्या मधे मात्र रेघ हलतच राहते. म्हणजे शांतता दिसेल तिथं शब्द तोडायचा असं बाळानं ठरवलं, तर ते "आत्ता"चे दोन तुकडे करील आणि "बाळालादूध" हा एकच शब्द मानील.

तरीही वर्षाच्या आत मुलं ओळखीचे शब्द भरभर चालणाऱ्या बोलण्यातून वेगळे काढायला लागतात. अर्थ माहीत नाही, लिपी माहीत नाही, एक शब्द म्हणजे केवढा तेही माहीत नाही. मग सुरुवात कुठून होते?

या प्रश्नाला 1996 साली एक फार नेटकं उत्तर मिळालं. जेनी सॅफ्रन, रिचर्ड आस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ते प्रयोगातून दाखवलं. उत्तर समजून घेण्याआधी एक गोष्ट ठरवून घेऊ. या लेखात "अक्षर" म्हणजे लिहिलेलं अक्षर नव्हे, तर एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. "बाळाला"मध्ये अशी तीन अक्षरं आहेत, बा-ळा-ला. "दूध" लिहिताना दोन अक्षरं दिसतात, पण उच्चारात ते एकच आहे.

आता कल्पना अशी. शब्दाच्या आत एका अक्षरामागून कुठलं अक्षर येणार हे बरंचसं ठरलेलं असतं. शब्द संपला की पुढं काहीही येऊ शकतं. त्यामुळं "या अक्षरानंतर ते अक्षर यायची शक्यता किती" हे मोजत गेलं, तर शब्दाच्या आत ती जास्त भरेल आणि शब्दांच्या सांध्यावर खाली येईल. मोजायची रीतही साधी आहे. एखादं अक्षर एकूण किती वेळा ऐकलं ते मोजायचं, त्यापैकी किती वेळा त्याच्या लगेच मागून दुसरं ठरावीक अक्षर आलं ते मोजायचं, आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागायचं. याला संक्रमण-शक्यता म्हणतात. ती 1 असली तर पुढचं अक्षर पक्कं ठरलेलं. ती जितकी शून्याकडं जाईल तितका पुढचा भरवसा कमी.

प्रयोगासाठी त्यांनी कुठल्याच भाषेत नसलेले चार शब्द बनवले: पाबिकू, तिबुदो, गोलातू, दारोपी. हे चार शब्द उलटसुलट क्रमानं लावून, मधे काहीही न थांबता, संगणकाच्या सपाट आवाजात दोन मिनिटं ऐकवले. चढउतार नाही, आघात नाही, श्वास घेणं नाही. वेग मिनिटाला 270 अक्षरांचा, म्हणजे दोन मिनिटांत 540 अक्षरं आणि 180 शब्द, प्रत्येक शब्द 45 वेळा. एकच शब्द लागोपाठ दोनदा येत नव्हता. त्यामुळं "पा"नंतर नेहमी "बि", "बि"नंतर नेहमी "कू", शक्यता 1. पण "कू"नंतर उरलेल्या तिन्हींपैकी कुठलाही शब्द सुरू होऊ शकत होता, म्हणून तिथली शक्यता सुमारे 0.33. सगळ्या आवाजात शब्दाची सीमा सांगणारी हीच एक खूण ठेवलेली होती.

ऐकणारी मुलं आठ महिन्यांची, एका प्रयोगात 24. आठ महिन्यांच्या मुलाला "तुला शब्द कळला का" असं विचारता येत नाही, म्हणून त्याच्या मानेवरून उत्तर काढतात. बाळ आईच्या मांडीवर बसतं. आईनं नकळत काही सुचवू नये म्हणून तिच्या कानावर संगीत लावलेलं असतं. एका बाजूला दिवा लुकलुकतो, बाळ तिकडं वळलं की त्याच बाजूच्या स्पीकरमधून एक शब्द पुन्हापुन्हा वाजतो, आणि बाळानं तोंड फिरवलं की बंद होतो. बाळ किती सेकंद तिकडं बघत राहिलं हे मोजायचं. दोन प्रकारच्या आवाजांना ते वेगवेगळा वेळ देत असेल, तर त्याला त्यांतला फरक जाणवला एवढं म्हणता येतं.

खरी कसोटी कोणते दोन प्रकार ऐकवायचे यात होती. एक प्रकार पाबिकूसारखे पूर्ण शब्द. दुसरा "तूदारो" आणि "पीगोला" असे सांध्यावरचे तुकडे. गोलातू-दारोपी असं आलं की मधे "तूदारो" ऐकू येतंच, म्हणजे बाळानं तेही ऐकलेलं होतं, फक्त त्याच्या पोटात एक कमी शक्यतेचा सांधा होता. निकाल असा आला की मुलांनी पूर्ण शब्दांना सरासरी 6.77 सेकंद दिले आणि सांध्यावरच्या तुकड्यांना 7.60. या वयाची मुलं अशा प्रयोगात नव्या वाटणाऱ्या गोष्टीकडं जास्त वेळ बघतात, म्हणून तुकड्यांना मिळालेला जास्त वेळ हा ते अनोळखी वाटल्याचा पुरावा. आणि "पाबिकू"च कानाला गोड लागत असेल अशी शंका नको म्हणून निम्म्या मुलांसाठी सगळं उलटं केलेलं होतं. त्यांच्या दोन मिनिटांत तूदारो आणि पीगोला हे शब्द होते आणि पाबिकू हा सांध्यावरचा तुकडा.

पण यात एक पळवाट राहिली होती. पाबिकू 45 वेळा वाजलं, तूदारो मात्र पंधराएक वेळाच. मग मुलांनी शक्यता मोजल्या की नुसतं जास्त वेळा ऐकलेलं ओळखलं? हा प्रश्न त्याच तिघांनी 1998 साली मिटवला. या वेळी तीन मिनिटांच्या आवाजात दोन शब्द 90 वेळा आणि दोन 45 वेळा ठेवले. दोन जास्त येणाऱ्या शब्दांच्या सांध्यावरचा तुकडाही मग 45 वेळा येतो, म्हणजे कमी येणाऱ्या शब्दाइतकाच. आता मोजणी सारखी, फरक फक्त शक्यतेत: शब्दात 1, तुकड्यात मधल्या सांध्यावर 0.5. मुलांना फरक तरीही कळला.

हा निकाल मला आजही थक्क करतो. तरी त्यातून नेमकं काय सिद्ध झालं ते जपून सांगायला हवं. सरासरी फरक एका सेकंदापेक्षाही कमी होता. आठ महिन्यांच्या मुलांचा मेंदू अशी आकडेमोड टिपू शकतो, इतकं त्यातून कळतं. मुलं आपल्या आईची भाषा याच वाटेनं तोडतात, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून उठून घरात यायला हवं.

म्हणून हीच रीत घरातल्या मराठीवर चालवून बघू. खालचे आकडे मी हिशेब दाखवण्यापुरते धरले आहेत, पण वाक्यं आपल्याकडं रोज बोलली जाणारी आहेत. समजा एका बाळानं "बाळाला" 12 वेळा, "बाळाचं" 5 वेळा आणि "बाळानं" 3 वेळा ऐकलं. म्हणजे "बाळा" एकूण 20 वेळा. "बाबा" 10 वेळा ऐकलं, त्यात "बा" हे अक्षर दोनदा, म्हणून त्यातले 20. असे "बा" एकूण 40 झाले. "ला" हे अक्षर आईला, मला, तुला, त्याला असं सगळीकडं येतं, म्हणून तेही 40 धरू, त्यातले 12 आपल्या "बाळाला"मधले. "चं" 12 वेळा आलं, आईचं, मामाचं वगैरे धरून. "बाळाला"च्या "ला"नंतर 4 वेळा "दूध" आलं, "बाळाचं"च्या "चं"नंतरही 4 वेळा. "दूध" एकूण 16 वेळा, त्यानंतर "पाज" 4 वेळा.

आता "बाळाला दूध पाज" घ्या. बा ते ळा: 40 पैकी 20, म्हणजे 0.5. ळा ते ला: 20 पैकी 12, म्हणजे 0.6. ला ते दूध: 40 पैकी 4, म्हणजे 0.1. दूध ते पाज: 16 पैकी 4, म्हणजे 0.25. आकडे चढले, 0.1 वर घसरले आणि परत वर आले. किती शक्यतेला "कमी" म्हणायचं हे बाळाला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळं दोन्ही बाजूंपेक्षा खाली गेलेला खळगा शोधायचा आणि तिथं तोडायचं, हाच नियम या रीतीत बहुधा वापरतात. खळगा बरोबर "बाळाला"च्या शेवटी पडला. "दूध" आणि "पाज" जोडलेलेच राहिले, पण "बाळाला"पुरती रीत चालली.

आता "बाळाचं दूध". बा ते ळा 0.5. ळा ते चं: 20 पैकी 5, म्हणजे 0.25. चं ते दूध: 12 पैकी 4, म्हणजे 0.33. खळगा पडला तो ळा आणि चं यांच्या मधे. तोडणी होते ती "बाळा" आणि "चंदूध" अशी. जिथं शब्द संपत नाही तिथं तुटला, आणि जिथं संपतो तिथं जोडून राहिला. तेच बाळ, तीच रीत, तीच मोजणी, पण एका वाक्यात पहिल्या शब्दाचा शेवट बरोबर सापडला आणि दुसऱ्यात चुकला.

यात दोष मोजणीचा नाही. मराठीत नामाला प्रत्यय लागतात, आणि एकाच "बाळा"मागं ला, चं, नं, कडं, सारखं असं बरंच काही येतं. त्यामुळं शब्दाच्या आतच एक फाटा पडतो, आणि शक्यता तिथंही खाली येते. उलट प्रत्यय स्वतः थोडेच असल्यानं आणि त्यांच्यामागं ठरावीक गोष्टी येत असल्यानं खरा सांधा कधीकधी घट्ट वाटतो. याला निव्वळ नुकसान म्हणणं मला पटत नाही. "बाळा" हा तुकडा निरर्थक नाही. हाक मारतानाही आपण "बाळा" म्हणतो, आणि प्रत्ययाआधी नामाचं हेच रूप येतं. पुढं व्याकरण शिकताना हा तुकडा सुटा मिळालेला असणं उपयोगाचंच ठरेल. "चंदूध" मात्र काहीच नाही, आणि रीतीच्या नजरेतून दोन्ही तोडण्या सारख्याच खऱ्या दिसतात.

दुसरी अडचण एकाक्षरी शब्दांची. लहान मुलाशी आपण बोलतो ते बरंचसं असं असतं: "हे घे ना गं." चार शब्द, चारही एकेका अक्षराचे, मधे तीन सांधे, आणि तिन्ही ठिकाणी तोडायला हवं. समजा शक्यता अनुक्रमे 0.3, 0.2, 0.4 आल्या. खळगा एकच, मधला. बाळाला मिळतात "हेघे" आणि "नागं". आकडे कुठलेही घ्या, लागोपाठचे दोन सांधे एकाच वेळी खळगे असू शकत नाहीत, कारण पहिला दुसऱ्यापेक्षा खाली असेल तर दुसरा पहिल्यापेक्षा वर असणारच. म्हणजे वाक्याच्या मधे अडकलेला एकाक्षरी शब्द या नियमानं दोन्ही बाजूंनी कधीच सुटा होत नाही. कितीही जास्त ऐकवलं तरी फरक पडत नाही.

इंग्रजीत या अडचणीचा फटका मोठा बसतो. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स यांग यांनी 2004 साली मुलांशी बोललेल्या खऱ्या इंग्रजीचा मोठा साठा घेतला, सुमारे 2 लाख 26 हजार शब्दांचा, आणि त्यात अक्षरं होती जेमतेम 2 लाख 64 हजार. म्हणजे बहुतेक शब्द एकाक्षरीच. त्यावर खळग्यांचा नियम संगणकानं चालवला. रीतीनं काढलेल्या शब्दांपैकी सुमारे 42 टक्केच खरे शब्द होते, आणि खऱ्या शब्दांपैकी जेमतेम 23 टक्के तिला सापडले. हेही संगणकाला अक्षरं आधीच स्वच्छ सुटी करून दिलेली असताना. पाबिकू-तिबुदोमध्ये हा प्रश्न उभाच राहिला नव्हता, कारण तिथं प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा होता.

शब्दांची लांबी सारखी असणं ही प्रयोगशाळेतली फार मोठी मदत होती, हे पुढं थेट मुलांवरच दिसून आलं. एलिझाबेथ जॉन्सन आणि मायकेल टायलर यांनी 2010 साली साडेपाच आणि आठ महिन्यांच्या मुलांना असेच बनावट आवाज ऐकवले. सगळे शब्द एकाच लांबीचे असताना मुलांना ते सुटे करता आले. काही दोन अक्षरी, काही तीन अक्षरी असे मिसळले, की जमलं नाही. शक्यतांचे खळगे तसेच खोल होते, गेली ती फक्त लय. मराठीत "दे" आणि "खेळायला" एकाच वाक्यात शेजारी येतात, तेव्हा त्या बाळाच्या कानापुढं केवढं काम पडतं याचा अंदाज यावरून येतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात खोल वाटते, आणि मराठी माणसाला ती लगेच ऐकू येईल. मोजणी करायची तर मोजायची वस्तू दर वेळी तीच हवी. संगणकाचा "बि" प्रत्येक वेळी हुबेहूब तोच होता. आपला "दूध" मात्र एकटा असताना एक अक्षर, दीर्घ ऊ, शेवटी ध. "दुधात" म्हटलं की ऊ ऱ्हस्व झाला आणि अक्षरं झाली दु-धात. आधीचं "दूध" हे अक्षर त्यात कुठं राहिलंच नाही. "बाळ" एकटं असताना एक अक्षर, "बाळाला"मध्ये बा-ळा-ला. प्रत्यय लागल्यावर नुसती भर पडत नाही, अक्षरांच्या सीमाच सरकतात. शब्दांच्या सांध्यावरही तेच होतं. "भात आण" जलद म्हटलं की कानाला "भा-ताण" येतं. इथं शब्दाची सीमा अक्षराच्या पोटात गेली आहे, आणि अक्षरांच्या मधल्या शक्यता कितीही अचूक मोजल्या तरी खळगा त्या जागी पडूच शकत नाही.

बेळगावच्या बाजूला याच्यावर आणखी एक थर चढतो. शहापूर, वडगाव किंवा चिक्कोडीच्या कितीतरी घरांत बाळाला मराठी आणि कन्नड दोन्ही ऐकू येतात. आई मराठीत बोलते, शेजारची अज्जी "बा बा, इल्लि बा" म्हणून हात पुढं करते. कन्नडमध्ये "बा" म्हणजे ये. बाळाच्या मोजणीत आता काय होतं ते बघा. मघाशी "बा" 40 वेळा होता, त्यातून "ळा" 20 वेळा, शक्यता 0.5. अज्जीनं 20 वेळा "बा बा" म्हटलं, की "बा" झाले 80, आणि बा ते ळा ही शक्यता 0.25 वर आली. "बाळाचं"मध्ये आता बा-ळा आणि ळा-चं हे दोन्ही सांधे 0.25 चे झाले. मराठी शब्दाची घट्ट वीण कन्नडच्या मोजणीनं सैल केली. शिवाय "बाबा" हा मराठीतला एक शब्द आणि "बा बा" हे कन्नडमधले दोन, पण अक्षरांच्या हिशेबात दोन्ही एकाच खात्यात जमा होतात.

यावर उपाय एकच, दोन भाषांची दोन खाती वेगळी ठेवायची. पण कुठलं अक्षर कुठल्या खात्यात टाकायचं हे कळायला आधी भाषा ओळखायला हवी. डॅनियल वाइस आणि सहकाऱ्यांनी 2009 साली मोठ्या माणसांना दोन बनावट भाषा आलटूनपालटून ऐकवल्या. एकत्र मोजल्या तर शक्यता गढूळ होतील अशा जोड्या घेतल्यावर, एकाच आवाजात ऐकणाऱ्यांना त्या नीट सुट्या करता आल्या नाहीत. प्रत्येक भाषेला वेगळा आवाज दिला, की जमलं. बोलणाराच खात्याचं नाव झाला. आमच्याकडं अज्जीचा आवाज कन्नडचा आणि आईचा मराठीचा असेल तर ही सोय आहे. पण इथली आई फोनवर कन्नड, दारात आलेल्या भाजीवाल्याशी कन्नड आणि बाळाशी मराठी बोलते, आणि कित्येकदा एकाच वाक्यात दोन्ही. उच्चारही फारसे मदतीला येत नाहीत, कारण ळ, ण, ट, ड हे दोन्ही भाषांत आहेत. कन्नडचे बहुतेक शब्द स्वरावर संपतात आणि मराठीत "दूध", "भात", "घर" असे व्यंजनावर संपणारे पुष्कळ, एवढा धागा हाताशी आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र एक आशादायक निष्कर्ष आहे. डिलन अँटोविच आणि कॅथरीन ग्राफ एस्टेस यांनी 2018 साली चौदा महिन्यांच्या मुलांना दोन बनावट भाषा मिसळून ऐकवल्या. एकच भाषा ऐकत वाढलेल्या मुलांना त्यांतले शब्द सुटे करता आले नाहीत, जरी एकेकटी भाषा ऐकवल्यावर त्यांना जमत होतं. घरात दोन भाषा ऐकणाऱ्या मुलांना मिसळलेल्यातूनही ते जमलं. बेळगावातल्या ज्या आयांना "दोन भाषांत पोराचा गोंधळ होईल" असं कुणी ना कुणी ऐकवत असतं, त्यांना हा निष्कर्ष माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. मोजणी अवघड होते हे खरं, पण रोजच्या सवयीनं ती अवघड मोजणी करायला मुलं शिकतात असं यातून दिसतं.

मग खऱ्या बोलण्यात ही रीत निरुपयोगी का? तसंही नाही. 2009 साली ब्रूना पेलुकी, जेसिका हे आणि सॅफ्रन यांनी इंग्रजी घरांतल्या आठ महिन्यांच्या मुलांना खऱ्या बाईनं बोललेली इटालियन वाक्यं ऐकवली. "फूगा", "मेलो" या शब्दांची अक्षरं एकमेकांना घट्ट बांधलेली, शक्यता 1. "काझा", "बीची" यांची पहिली अक्षरं इतर शब्दांतही येत होती, म्हणून त्यांची 0.33. शब्द सारख्याच वेळा येऊनही मुलांना दोन्हींतला फरक कळला. आवाज नैसर्गिक, भाषा परकी, तरी शक्यता टिपल्या गेल्या. फक्त हे ध्यानात ठेवायला हवं की वाक्यं संशोधकांनी बेतून लिहिलेली होती. "फू" आणि "मे" दुसरीकडं कुठं येणार नाहीत याची काळजी घेतलेली होती. घरातली "ला" आणि "चं" अशी कुणी आवरून ठेवत नाही.

त्यामुळं माझं मत असं झालं आहे, की संक्रमण-शक्यता मुलाला बोट धरायला मिळते, पण तिच्या भरवशावर सगळी वाट चालता येत नाही. इंग्रजीत बोलण्यातले बहुतेक आशयाचे शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन सुरू होतात, आणि एरिक थीसन व सॅफ्रन यांनी 2003 साली दाखवलं की सात महिन्यांची मुलं शक्यतांवर भिस्त ठेवतात, तर नऊ महिन्यांची मुलं जोर कुठं पडतो ते धरतात. आधी शक्यतांनी काही शब्द हाती येतात, त्यांवरून "आपल्या भाषेत शब्द कसा सुरू होतो" हे कळतं, आणि मग तोच नियम पुढं वापरला जातो, अशी याची सरळ फोड होते. मराठीत जोरावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि तो इंग्रजीइतका ठळकही नसतो. तेव्हा मराठी बाळाला ही खूण तितकी हाताला लागणार नाही.

त्याला दुसऱ्या खुणा आहेत. वाक्याची दोन टोकं ही फुकट मिळालेली शब्दसीमा असते, आणि अमांडा साइडल व जॉन्सन यांनी 2006 साली दाखवलं की आठ महिन्यांची मुलं वाक्याच्या टोकाचे शब्द मधल्यांपेक्षा सहज पकडतात. मराठीत शेवटी क्रियापद येतं, नाहीतर त्यामागचं "की", "ना", "गं", "रे". बाळाशी बोलताना आपण "घे", "ये", "बस" एकटेच म्हणतो, म्हणजे ज्या एकाक्षरी शब्दांना खळग्याचा नियम कधीच सोडवू शकत नव्हता, ते आपसूक सुटे मिळतात. मायकेल ब्रेंट आणि जेफ्री सिस्किंड यांनी 2001 साली इंग्रजी बोलणाऱ्या आयांच्या बोलण्यात अशी एकशब्दी वाक्यं सुमारे 9 टक्के मोजली होती. आणि स्वतःचं नाव तर आहेच. हेदर बॉर्टफेल्ड आणि सहकाऱ्यांना 2005 साली आढळलं की सहा महिन्यांची मुलं आपल्या नावालगत आलेला अनोळखी शब्द ओळखतात, दुसऱ्याच्या नावालगतचा नाही. ओळखीचा शब्द संपला की पुढचा सुरू होतो, एवढं त्यांना पुरतं. "बाळाचं दूध" मध्ये "बाळाचं" आधीच ओळखीचं असेल, तर चं ते दूध ही शक्यता 0.33 आहे की 0.9, याला काही महत्त्व उरत नाही.

मराठीसाठी याची खरी परीक्षा कशी घ्यावी हेही यावरून ठरतं. पेलुकींनी इंग्रजी घरातल्या मुलांना इटालियन ऐकवलं, तसं मराठी न ऐकलेल्या आठ महिन्यांच्या मुलांना इथल्या बाईनं बोललेली मराठी वाक्यं ऐकवायची. दोन नामं घ्यायची, दोन्ही सारख्याच वेळा येणारी. एक कायम एकाच प्रत्ययासह, दुसरं चार वेगवेगळ्या प्रत्ययांसह. शेवटी प्रत्ययासकटचा शब्द आणि नुसतं मूळ रूप, दोन्ही ऐकवून बघण्याचा वेळ मोजायचा. पहिल्या नामात मुलांना पूर्ण शब्द ओळखीचा वाटला आणि दुसऱ्यात फक्त मूळ रूप, तर "बाळा" आणि "चंदूध"चा हिशेब कागदावरचा नाही, मुलांच्या कानातही तसाच चालतो असं म्हणता येईल. फक्त ही मुलं बेळगाव शहरात शोधून चालणार नाही. इथं कन्नड घरातल्या बाळानंही शेजारची मराठी आठ महिने ऐकलेली असते. त्यासाठी पूर्वेकडं, जिथं गल्लीत मराठी कानावर पडत नाही अशा गावांत जावं लागेल.